तीन गुणांचं उत्तर

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो अभ्यासू मुलांसाठी. धडा पाठ असतो, अक्षर सुरेख असतं, पान भरून उत्तर लिहिलेलं असतं आणि तीनपैकी दीडच गुण देता येतो. असं का होतं, याचा विचार करताना जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेते, 1875 सालच्या दख्खनच्या दंग्यांचं. प्रश्न असा: ‘शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे का जाळले?’ गुण तीन.

१. घटना एकच असली तरी प्रश्न वेगळे असतात. ‘दंगे का झाले?’ आणि ‘कागद का जाळले?’ हे दोन प्रश्न घाईत वाचले की सारखेच वाटतात. पहिल्याचं उत्तर अमेरिकेपर्यंत जातं. तिथे 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, त्या काळात इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, उधारी आटली आणि त्यातच फेरआकारणीने शेतसारा वाढला. दुसऱ्या प्रश्नाला यातलं काहीच लागत नाही. तिथे विचारलंय ते एवढंच, की चिडलेल्या माणसांनी नेमका कागदच का निवडला. मुलं बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहितात. ते खरं असतं, म्हणून खोडवत नाही, आणि विचारलेलं नसतं, म्हणून गुण देता येत नाही. मी आता वर्गात प्रश्नातल्या दोन शब्दांखाली रेघ मारायला लावते. एक प्रश्नार्थक शब्द, दुसरा ज्याबद्दल विचारलंय तो. इथे ‘का’ आणि ‘कागद’.

२. गुणांचा आकडा हीसुद्धा एक सूचना असते. तीन गुणांना साधारणपणे तीन स्वतंत्र मुद्दे अपेक्षित असतात, आणि तपासणारा समासात त्यांवरच खुणा करत जातो. ‘सावकार शेतकऱ्यांना लुबाडत’, ‘सावकार अन्याय करत’, ‘शेतकरी सावकारांना कंटाळले होते’ ही वाक्यं तीन, पण मुद्दा एकच. दोन वाक्यं वेगळी आहेत का, हे ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. दोघांच्या मधे ‘म्हणजेच’ घालून पाहते. तो शब्द सहज बसला, तर आपण तेच पुन्हा सांगतोय. ‘शिवाय’ बसला, तर नवा मुद्दा आला.

३. पूर्ण गुण मिळवणारं उत्तर पहिल्याच वाक्यात प्रश्नाला भिडतं. या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर असं:

‘कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हाच न्यायालयात सावकाराचा मुख्य पुरावा होता. त्यांच्या आधारे शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त होत, म्हणून कागद जाळले की सावकाराच्या दाव्याचा आधार जाईल असे शेतकऱ्यांना वाटले. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य ठरला. त्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत आणि कागदावरचे कर्ज वाढत जाई. बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. फेडीची पावती मिळत नसे व कागदात खोट्या रकमा लिहिल्या जात, अशी त्यांची तक्रार होती. त्यामुळे कागद म्हणजे फसवणुकीचे साधन, अशी त्यांची भावना झाली.’

यात पुरावा, वाढत जाणारी रक्कम आणि फसवणूक असे तीन मुद्दे आहेत. प्रत्येकाला कारण जोडलेलं आहे आणि ते कारण कागदापाशीच येऊन थांबतं. ‘इंग्रज भारतात व्यापारासाठी आले’ इथून सुरुवात करणाऱ्या उत्तरात पुराव्याचा मुद्दा पाचव्या ओळीत येतो, आणि तोवर बाकीच्या दोघांची जागा संपलेली असते.

४. पार्श्वभूमी कोणती आणि कारण कोणतं, हे वाक्याच्या तोंडावळ्यावरून कळत नाही. मला याचं सगळ्यात जास्त नवल वाटलं. 1859 चा कायदा दंग्यांच्या सोळा वर्षं आधीचा, त्यामुळे तो पार्श्वभूमीसारखा दिसतो. फापटपसारा टाळायला शिकलेली मुलं नेमकं तेच वाक्य गाळतात. ते वाक्य झाकून उरलेलं उत्तर वाचा. कागदावरचं कर्ज का फुगत होतं, हे सांगायला काहीच उरत नाही, म्हणजे ते ठेवायलाच हवं. आता अमेरिकेच्या युद्धाचं वाक्य घाला आणि झाका. उत्तर जसंच्या तसं राहतं. वाक्य काढल्यावर एखादी ‘म्हणून’ लटकी पडते का, एवढंच पाहायचं. यात गंमत अशी, की मुदतीचा कायदा व्याज साचत जाऊ नये म्हणून केला होता आणि सावकारांनी तोच उलटा फिरवला. हे अर्ध्या वाक्यात सांगणाऱ्या मुलाला विषय खरोखर समजलाय, हे लगेच कळतं.

५. नको असलेला मजकूर घटनेच्या नंतरच्या काळातूनही येतो. शेवटची ओळ सुचली नाही की मुलं लिहितात, ‘यामुळे सरकारने चौकशी आयोग नेमला व 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.’ माहिती बरोबर आहे, पण ती ‘परिणाम सांगा’ या प्रश्नाची आहे. ‘का’ विचारलं असेल, तर उत्तर घटनेपाशी संपतं. ‘अशा प्रकारे शेतकऱ्यांनी कागद जाळले’ हे समारोपाचं वाक्यही प्रश्नच परत लिहून दाखवतं. तिसरा मुद्दा पुरा झाला की पूर्णविराम द्यावा.

६. नेमका तपशील हवा, पण तो कामाला लागला पाहिजे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात दंग्याला तोंड फुटलं. ‘दख्खनचे दंगे’ अशी टीप लिहायची असेल, तर स्थळ आणि तारीख यायलाच हवी, कारण तिथे घटनेची ओळख करून द्यायची असते. आपल्या प्रश्नात मात्र तारखेने काहीच सिद्ध होत नाही, आणि ‘तीन वर्षं’ हा आकडा मुद्दा उभा करतो. सुप्याचा एक तपशील मात्र इथेही उपयोगी पडू शकतो. जमावाने सावकारांकडे वह्या आणि रोखेच मागितले होते. पहिल्या मुद्द्याला याहून चांगला आधार नाही.

७. कमी लिहिणं म्हणजे तुटक लिहिणं नव्हे. ‘कागद पुरावा होते म्हणून जाळले’ एवढंच लिहिणाऱ्या मुलाला मी एकच गुण देते, कारण त्याने एकच मुद्दा सांगितलाय. पसारा आवरायला सांगितलं की काही मुलं मुद्देच आवरतात. त्यांना मी उत्तर लिहिण्याआधी समासात तीन शब्द पेन्सिलने टिपायला सांगते: पुरावा, व्याज, फसवणूक. मग प्रत्येक शब्दासाठी एक-दोन पूर्ण वाक्यं. तिसरा शब्द सुचत नसेल, तर धड्याचं ते पान पुन्हा वाचायला हवं. पार्श्वभूमी लिहून ती उणीव भरून निघत नाही, आणि तपासणाऱ्याला ती पहिल्या दोन ओळींतच दिसते.