दुकानदाराचा अर्ज : थांबलेल्या तपासाची भाषा

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करणाऱ्या अमराठी विद्यार्थ्याला ‘फिर्याद’ आणि ‘अर्ज’ हे शब्द प्रथमदर्शनी समानार्थी वाटतात. वस्तुतः त्यांच्या वाटा भिन्न आहेत. ‘फिर्याद’ म्हणजे मूळ फारसीत साहाय्यासाठी फोडलेला टाहो. मराठी मुलखातील पोलीस ठाण्यात या टाहोला गुन्हा रजिस्टरातील एक क्रमांक मिळतो. ‘अर्ज’ ही विनंती असते. दुकान फुटल्यावर दुकानदार ठाण्यात देतो ती फिर्याद; तपास थांबल्यावर वरिष्ठांकडे पाठवितो तो अर्ज. हा अर्ज लिहिताना पुष्कळ जण फिर्यादच पुन्हा लिहितात, आणि तेथेच तो फसतो.

पाठासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. तालुक्याच्या गावातील एका विद्युत साहित्याच्या दुकानाचे शटर १२ जानेवारीच्या रात्री उचकटण्यात आले. ७ पाणबुडी पंप, तांब्याच्या तारेची ४ भेंडोळी आणि रोख १८,४०० रुपये गेले. १३ जानेवारीस गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, त्यानंतर विचारावयास गेले की एकच उत्तर मिळे : “तपास चालू आहे.” दुकानदाराने २० एप्रिल रोजी जिल्हा पोलीस अधीक्षकांस लिहावयाच्या अर्जाचा पहिला खर्डा असा होता :

“गेले तीन महिने मी न्यायासाठी पोलीस ठाण्याचे उंबरठे झिजवीत आहे. तपास अधिकारी चोरांना पाठीशी घालीत आहेत. व्यापारी वर्ग भयभीत झाला आहे. तरी कृपया तपासास गती द्यावी.”

या खर्ड्यातील व्यथा खरी आहे, पण त्यात अधीक्षकाला करता येईल असे काही सांगितलेले नाही. ‘गती द्यावी’ ही मागणी कोणत्याही कृतीकडे बोट दाखवीत नाही. तिचे उत्तरही तसेच येणार : “गती देण्यात येत आहे.” ‘तपास चालू आहे’ या वाक्याची रचना येथे नीट पाहण्यासारखी आहे. त्यात क्रिया आहे, कर्ता नाही. कोण तपास करतो, कोणाकडे गेला, केव्हा गेला, हे प्रश्न व्याकरणाच्या पातळीवरच पुसले गेले आहेत. ‘शोध घेण्यात येत आहे’ या कर्मणी वाक्याचीही हीच गत. अशा वाक्यांना कर्ता, कर्म आणि तारीख परत मिळवून देणे हेच या अर्जाचे खरे काम होय.

दुसरी गोष्ट वाचकाची. अर्जावर अधीक्षकांचे नाव असले, तरी प्रथेप्रमाणे तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यामार्फत बहुधा त्याच ठाण्याकडे खाली येतो. म्हणजे शेवटी तो वाचणारा, आणि त्यावर अहवाल लिहिणारा, ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच अधिकारी असतो. ‘पाठीशी घालीत आहेत’ हे वाक्य त्याच्या हाती पडले की तो आपल्या सचोटीचा खुलासा लिहितो आणि पंपांचा विषय बाजूला राहतो. पुरावा असल्यास संगनमताचा आरोप स्वतंत्र अर्जात करावा. केवळ वैतागापोटी तो या पत्रात घालू नये.

सुधारलेल्या खर्ड्यात विषयाची ओळ आधी बदलली. ‘चोरीबाबत’ या शब्दाऐवजी ‘गु. र. क्र. ... मधील घरफोडीच्या तपासाबाबत’ असे लिहिले गेले. मराठी पोलिसी परिभाषेत चोरी, घरफोडी, जबरी चोरी व दरोडा ही चार वेगळी दालने आहेत, आणि ‘घरफोडी’तील घरात माल ठेवण्याची इमारत, म्हणजे दुकानही येते. ‘घर’ या शब्दाने परप्रांतीय विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) आणि ३०५ खाली हा गुन्हा बसतो. चोरीच्या हेतूने रात्री केलेल्या घरफोडीस १४ वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. नुसती चोरी म्हटल्याने गुन्ह्याचे वजनच उतरते.

पुढील मजकूर असा झाला :

“चोरीस गेलेल्या ७ पंपांच्या पाटीवरील अनुक्रमांक घाऊक विक्रेत्याच्या बिलांत नोंदलेले असून बिलांच्या प्रती मी १५ जानेवारी रोजी ठाण्यात दिल्या आहेत. हे अनुक्रमांक शेजारच्या पोलीस ठाण्यांना, तसेच मोटार रिवाइंडिंगची दुकाने व भंगार व्यापारी यांना कळविले गेले काय, व कोणत्या तारखेस, हे मला कळावे. समोरील दुकानाच्या कॅमेऱ्यातील त्या रात्रीचे चित्रण तेथील मालकाने वेगळे उतरवून ठेवले आहे. ते पंचनाम्याने ताब्यात घेण्याचा आदेश व्हावा, ही विनंती.”

तार किमतीने कदाचित पंपांहून भारी असेल, तरी अर्जात पंप आधी आले याला कारण आहे. तार जाळून तांबे वितळविले की तिची ओळख नाहीशी होते. पंपाची पाटी मात्र कोणीतरी खरवडल्याशिवाय जात नाही, आणि खरवडलेली पाटी हीदेखील संशयाची खूणच. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याच्या यंत्रातील जागा भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. येथे ते वेळीच उतरविले गेले होते. तसे नसते, तर मूळ चित्रण आता उपलब्ध नाही असे स्पष्ट लिहिणेच इष्ट. नसलेल्या पुराव्याची मागणी केली की असलेल्या पुराव्याकडेही दुर्लक्ष होते.

कायद्याचा आधार एकाच वाक्यात दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १३ जानेवारीपासून मोजता ही मुदत १३ एप्रिलला सरते. २० एप्रिलच्या अर्जाला त्यामुळे आपोआप धार येते. अशा अर्जात कलम १७३(४) लिहिण्याकडेही कल असतो. ते कलम ठाण्याने गुन्हा नोंदविण्यासच नकार दिला असता अधीक्षकांकडे जाण्याचे आहे. येथे गुन्हा नोंदलेला आहे, म्हणून येथे आधार हवा तो कलम ३० चा : वरिष्ठ अधिकाऱ्याला ठाणेदाराचे अधिकार स्वतः वापरता येतात.

एक अडचण मात्र भाषेने सुटत नाही. चोरीच्या विम्याची रक्कम देण्यापूर्वी विमा कंपन्या बहुधा पोलिसांचा अंतिम अहवाल मागतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, अशा वेळी महाराष्ट्रात ‘अ’ समरी मागितली जाते. म्हणजे तपास पुढे रेटण्याची मागणी करणाऱ्या दुकानदाराला तपास बंद झाल्याचा कागदही मनातून हवा असतो. सुधारित खर्ड्यात हा गुंता लपविलेला नाही. वरील दोन बाबी पूर्ण झाल्यावरच समरीचा विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग खटल्यात १९८५ साली सांगितले आहे; ती नोटीस घरी आली तर दुर्लक्षू नये.

अर्जाच्या तळाशी ‘आपला विश्वासू’ याच्या वर ‘सोबत : बिलांच्या प्रती ७’ आणि खाली ‘प्रत माहितीसाठी : उपविभागीय पोलीस अधिकारी’ अशा दोन ओळी आल्या. अर्ज हाती दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. टपालाने पाठविल्यास पोच जपून ठेवावी. उत्तर न आल्यास पुढची पायरी न्यायदंडाधिकाऱ्याची. साकिरी वासू निकालाने २००७ साली तो मार्ग मोकळा केला, पण तेथे प्रथम विचारले जाते ते हेच, की अधीक्षकांकडे गेल्याची नोंद कोठे आहे.