रडता रडता बाळाचा श्वास कोंडतो तेव्हा



पुष्कळ घरांत एक प्रकार घडतो. बाळ दीड वर्षाचे असते. त्याच्या हातातली वस्तू कोणी काढून घेते, किंवा ते धपकन पडते. बाळ मोठ्याने रडू लागते. एक हुंदका, दोन हुंदके, आणि मग तोंड उघडेच राहते, पण आवाज येत नाही. श्वास बाहेर गेलेला असतो, तो आत येत नाही. ओठ निळे पडतात. चेहरा काळानिळा होतो. डोळे वर जातात आणि बाळ हातापायांतले बळ जाऊन लोळागोळा होते. कधी अंग ताठ होते आणि हातपाय दोन-चार वेळा झटकले जातात.

आईचा जीव टांगणीला लागतो. घरात एकच हलकल्लोळ होतो. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा आणतो, कोणी वहाण नाकाला लावतो. कोणी बाळाला उभे धरून गदागदा हलवतो. कोणी म्हणतो, नजर लागली. कोणी म्हणतो, फेफरे आले.

बहुतेक वेळा हे फेफरे नसते. याला श्वास कोंडणे म्हणतात. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हे दिसते. एक ते दोन वर्षांच्या वयात जास्त दिसते. पुढे मूल मोठे होते तसे ते आपोआप बंद होते. या झटक्याने मुलाचा मेंदू बिघडत नाही, आणि पुढे त्याला त्यामुळे फेफरे जडत नाही. पण त्या एका मिनिटात आपण काय करतो, याला मात्र फार महत्त्व आहे. म्हणून आज ते नीट समजून घेऊ.

श्वास परत कसा येतो?

रडताना मूल छातीतला श्वास बाहेर सोडत जाते. राग, दुखणे किंवा भीती जोराची असली, म्हणजे तो सगळा बाहेर जातो आणि पुढचा श्वास घ्यायचा राहून जातो. हे मूल मुद्दाम करीत नाही. आपल्याला उचकी लागते ती काय आपण ठरवून आणतो? तसेच हे आहे. श्वास थांबला, की रक्तातला प्राणवायू कमी होतो. म्हणून ओठ निळे पडतात. मेंदूला प्राणवायू कमी पडला, की शुद्ध हरपते. शुद्ध हरपली, की अडलेला श्वास मोकळा होतो आणि शरीर आपणहून श्वास ओढते. जे पाहून आपण सगळ्यांत जास्त घाबरतो, त्याच्या पाठोपाठच श्वास परत येतो. हे सारे बहुधा अर्ध्या मिनिटात होते, फार तर एक मिनिट लागते.

दुसराही एक प्रकार आहे. मूल एकदम पडते, डोक्याला लागते किंवा दचकते. ते फारसे रडतही नाही. निळे पडण्याऐवजी पांढरेफटक होते आणि कोसळते. यात काही क्षण हृदयाचे ठोके मंद होतात आणि मेंदूकडे रक्त कमी जाते. दोन्ही प्रकारांत त्या क्षणी करायचे काम एकच आहे.

त्या मिनिटात काय करावे?

एका घरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. ओसरीवर बाळ खेळत आहे. त्याच्या हातात विळीजवळचा चमचा आला. आजीने तो काढून घेतला. बाळ रडले आणि श्वास कोंडला. ओठ निळे झाले.

आईने बाळाला उचलून उभे धरले नाही. तिने त्याला तिथेच सतरंजीवर आडवे केले आणि एका कुशीवर वळवले. कुशीवर ठेवले, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येते, घशात जात नाही. आडवे ठेवले, म्हणजे मेंदूकडे रक्त सोपेपणाने जाते. उभे धरले तर ते जायला वेळ लागतो.

आजीने विळी आणि पाट दूर सारले, म्हणजे हातपाय झटकले तर बाळाला लागणार नाही. आजोबांनी आलेल्यांना मागे उभे केले.

मग आई मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार..." सावकाश, घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे. घड्याळ असेल तर सेकंदकाट्याकडे पाहावे. नसेल तर साठपर्यंत मोजावे. मोजण्याचे दोन फायदे आहेत. घाबरलेला माणूस एका मिनिटाला दहा मिनिटे समजतो, मोजल्याने खरा वेळ कळतो. आणि मोजणारे हात उगीच काही करायला जात नाहीत.

आईने पंचवीस म्हटले आणि बाळाने लांब श्वास घेतला. ओठ पुन्हा लाल झाले. बाळ थोडे रडले आणि डोळे उघडून आईकडे पाहू लागले. आईने त्याला मांडीवर घेतले आणि पाठीवरून हात फिरवला. पण चमचा परत दिला नाही. रागेही भरली नाही. थोड्या वेळाने बाळ खेळू लागले.

शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. श्वास कोंडला म्हणून मूल मागेल ते द्यायला लागलो, तर रडणे आणि हट्ट दोन्ही वाढतात. मारले किंवा रागावले, तर मूल आणखी रडते. आधी जे "नाही" म्हटले होते, ते नंतरही "नाही" राहू द्यावे, पण मायेने. भूक लागलेले आणि झोप आलेले मूल लवकर चिडते. त्याचे जेवण आणि झोप वेळेवर ठेवली, तर रडण्याचे प्रसंग कमी येतात.

काय करू नये?

बाळाला हलवू नये. लहान मुलाची मान नाजूक असते. जोराने हलवल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. थापड मारू नये. तोंडात पाणी, दूध किंवा औषध ओतू नये. बेशुद्ध मूल गिळू शकत नाही, पाणी श्वासनळीत जाते. दातखीळ बसली म्हणून चमचा किंवा बोट तोंडात घालू नये. दात मोडतो, तुकडा घशात जातो. कांदा, वहाण, धूर यांनी श्वास येत नाही. तो यायचाच असतो. आपण कांदा धरतो तेवढ्यात तो येतो, आणि आपल्याला वाटते की कांद्याने आला. बिब्बा घालणे किंवा डाग देणे तर कधीही करू नये. त्याने मुलाला भाजते, जखम पिकते, आणि श्वास कोंडणे काही थांबत नाही.

मदत केव्हा बोलवावी?

साठ मोजून झाले आणि बाळ श्वास घेत नाही, किंवा शुद्धीवर येत नाही, तर १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. फोन चालू ठेवा आणि ते सांगतील तसे करा.

आणखी एक फरक ओळखावा. मूल शेंगदाणा, फुटाणा किंवा मणी तोंडात घालत होते, मग एकदम खोकू लागले आणि आवाज बंद झाला, तर ते श्वास कोंडणे नव्हे. घशात काही अडकले आहे. तिथे मोजत बसू नये. बाळाला आपल्या हातावर किंवा मांडीवर पालथे घ्यावे, डोके खाली ठेवावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्या. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा.

फेफऱ्याची खूणही वेगळी असते. श्वास कोंडण्याच्या आधी काहीतरी कारण घडलेले असते: रडणे, राग, पडणे, दचकणे. फेफरे बहुधा कारणाशिवाय येते, झोपेतही येते. नंतर मूल बराच वेळ गुंगीत राहते. म्हणून झटका येऊन गेल्यावर तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: आधी काय झाले, मूल निळे पडले की पांढरे, आणि किती मोजले. आता तुम्हांला लिहिता येते. हा कागद डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. मोबाइलवर झटक्याचे चित्रीकरण झाले असेल तर तेही दाखवा. पण त्यासाठी बाळाला सोडून जाऊ नका.

डॉक्टरांकडे का जावे?

पहिल्यांदा असे झाले, म्हणजे मूल खेळायला लागले तरी डॉक्टरांना दाखवावे. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, कारणाशिवाय किंवा पळताना कोसळत असेल, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर थांबूच नये. अशा वेळी हृदयाची तपासणी करावी लागते.

डॉक्टर बहुधा रक्तही तपासतात. श्वास कोंडणाऱ्या पुष्कळ मुलांच्या रक्तात लोह कमी असते. लोहाचे औषध दिल्यावर अशा मुलांचे झटके कमी होतात, कित्येकांचे थांबतात. सरकारी योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एक एक मिलिलिटर दिले जाते. त्याबद्दल आशाताईंना विचारा. पण रक्त फार कमी असेल तर एवढ्याने भागत नाही. तेव्हा किती द्यायचे ते डॉक्टरच ठरवतात. या औषधाने शी काळी होते, त्याला भिऊ नये. बाटली मात्र उंच ठेवावी. मुलाने ती सगळी प्यायली तर जिवावर बेतते.

जे मूल दिवसभर दूधच पिते आणि भाकरीला तोंड लावीत नाही, त्याच्या अंगात लोह कमी पडते. दुधात लोह फार थोडे असते. अशा मुलाला नाचणी, मोड आलेली मटकी चांगली शिजवून, पालेभाजी आणि वर लिंबू पिळून द्यावे. घरात चालत असेल तर अंडे व मांसही द्यावे. चहा देऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही.

वाचा आणि सांगा

१. बाळाला उभे न धरता कुशीवर का निजवावे?
२. किती मोजून झाल्यावर १०८ ला फोन करावा?
३. घशात दाणा अडकला आहे, हे कशावरून ओळखाल?
४. घरातल्या माणसांना एकदा साठपर्यंत सावकाश मोजायला सांगा. घड्याळाशी जुळते का ते पाहा.