होकार दिला त्याच दिवशी दुसरीकडे कळवा

बारामतीत मी नोकरभरतीचं काम करते. एमआयडीसीतले कारखाने, दूधप्रकल्प आणि आसपासचे साखर कारखाने माणसं मागतात, मी नावं पाठवते. उमेदवार बहुतेक बारामती-इंदापूर तालुक्यांतले असतात. भिगवण, वालचंदनगर, लोणी देवकर, सणसर इथून एसटीनं किंवा दुचाकीवरून मुलाखतीला येतात. यातली बरीच मुलं एकाच वेळी तीन-चार ठिकाणी अर्ज करतात, आणि ते योग्यच आहे. अडचण होते ती एका ठिकाणी नोकरी पक्की झाल्यावर. बाकीच्या ठिकाणी कुणी काही कळवत नाही.

साखर कारखान्यात हे सगळ्यात जास्त झोंबतं, कारण तिथली भरती हंगामाला बांधलेली असते. बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मोळी टाकली जाते आणि गाळप सुरू झालं की रसाची, पाकाची, साखरेची तपासणी तिन्ही पाळ्यांत चालू राहते. लॅब केमिस्टची एक जागा रिकामी राहिली तर उरलेल्यांना जादा पाळ्या कराव्या लागतात. म्हणून कारखान्याला माणूस दसऱ्याच्या आसपासच हवा असतो.

अशाच एका जागेसाठी मी तीन नावं पाठवली होती. पहिला मुलगा इंदापूर तालुक्यातला, रसायनशास्त्राचा पदवीधर, एक हंगाम काम केलेला. कारखान्याला तोच हवा होता. दुसऱ्या क्रमांकावर वालचंदनगरजवळची एक मुलगी होती, शिक्षण तेच, अनुभव नाही. मुलाखतीच्या आठवड्यात मुलाला एका दूधप्रकल्पाचं पत्र आलं. बारमाही काम, घराजवळ. त्यानं मेलवर होकार कळवला. त्याचा निर्णय बरोबर होता. हंगामी नोकरीपेक्षा बारमाही कुणीही घेईल. पण मला त्यानं सांगितलं नाही. मुलाखतीच्या दिवशी फोन उचलला नाही, नंतर ‘येतो मॅडम, जरा अडचण आहे’ असा निरोप पाठवला. कारखाना त्याच्यासाठी थांबला. तेवढ्यात त्या मुलीनं सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यात काम धरलं. घरापासून लांब, खोली घेऊन. तो मुलगा दूधप्रकल्पात रुजू झाल्याचं मला त्याच्या गावच्या दुसऱ्या उमेदवाराकडून कळलं.

नुकसान कुणाचं झालं ते बघा. कारखान्यानं आणखी एक माणूस शोधला, मी आणखी फोन केले. ते आमचं कामच आहे. खरी झळ बसली ती त्या मुलीला. मुलाच्या दोन ओळी वेळेत आल्या असत्या, तर तिची मुलाखत त्याच आठवड्यात झाली असती. अर्ज मागे घेणं म्हणजे रांगेतल्या पुढच्याला वाट करून देणं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तर मग कळवायचं कधी? नुसत्या तोंडी शब्दावर नाही. ‘तुमचं झालंच समजा’ असं एचआरनं फोनवर म्हटलं, म्हणून दुसरीकडचा अर्ज काढून घेऊ नका. नियुक्तीपत्र किंवा ऑफर लेटर हातात येऊ द्या आणि त्यात तीन गोष्टी बघा: रुजू होण्याची तारीख, हातात पडणारा पगार, आणि पत्र कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं. ही तिसरी गोष्ट आपल्याकडे हमखास नजरेतून सुटते. काम एका कंपनीत आणि नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, हे रुजू झाल्यावर कळलं तर आधी सोडलेला अर्ज आठवून हळहळ होते. पत्र मनासारखं असेल तर लेखी होकार द्या आणि त्याच दिवशी बाकीच्यांना कळवा. जुन्या नोकरीचा नोटिस काळ संपेपर्यंत थांबू नका. तेवढ्यात दुसरीकडच्या मुलाखती होऊन जातात.

कळवायचं कुणाला, हेही सोपं आहे. ज्यानं तुम्हाला फोन केला, त्याला. माझ्यासारख्या मध्यस्थामार्फत नाव गेलं असेल तर मला कळवा, पुढे कंपनीला मी सांगते. कंपनीकडे थेटही अर्ज केला असेल तर दोघांनाही कळवा. जुन्याच मेलला किंवा व्हॉट्सअॅपच्या जुन्याच संभाषणात उत्तर द्या, म्हणजे कोणती जागा, कोणता उमेदवार हे शोधावं लागत नाही. मुलाखत उद्या-परवावर असेल तर मात्र आधी फोन करा आणि मग लिहा. मेल वेळेत वाचला जाईलच असं नाही, आणि मुलाखत घेणारे कधी कधी पुण्याहून आलेले असतात.

मजकूर चार-पाच वाक्यांचा पुरतो. त्या मुलाकडून मला हे आलं असतं तर काम भागलं असतं:

‘नमस्कार मॅडम. लॅब केमिस्टच्या जागेसाठी आपण माझं नाव कारखान्याकडे पाठवलं होतं. मला दुसरीकडे नोकरी मिळाली असून मी ती स्वीकारली आहे, त्यामुळे या जागेसाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. पाळ्यांची आणि राहण्याच्या सोयीची माहिती आपण आधीच स्पष्ट दिलीत, त्याचा निर्णय घेताना उपयोग झाला. मनापासून आभार.’

खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. मेल इंग्रजीत लिहायचा असेल तरी क्रम हाच ठेवा: कोणती जागा, काय ठरलं, कशाबद्दल आभार. मजकुरातला आपलेपणा त्या आभारात आहे, कारण ते एका नेमक्या गोष्टीबद्दल आहेत. नुसतं ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ कुणालाही पाठवता येतं.

काय लिहू नये, तेही सांगते. नव्या कंपनीचं नाव आणि पगार लिहिण्याची गरज नाही. लांबलचक माफी नको, आणि आईच्या आजारपणाचं कारण तर नकोच. इथली एमआयडीसी लहान आहे. महिन्याभरात कुणीतरी तुम्हाला नव्या गणवेशात बघतंच. ‘सध्या जमणार नाही’ असंही लिहू नका. त्याचा अर्थ आम्ही ‘आठवड्यानं परत विचारा’ असा घेतो.

असा निरोप गेल्यावर मध्यस्थाचा फोन येण्याची शक्यता असते: ‘किती देतायत? थांबा, मी वाढवून घेतो.’ त्यामागचं कारण समजून घ्या. अनेक ठिकाणी आमचं शुल्क वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढं असतं. ते कंपनी देते, आणि माणूस रुजू झाल्यावरच देते. म्हणून एखादा मध्यस्थ उमेदवाराला सहजासहजी सोडत नाही. त्याला ‘शब्द दिलाय, आता मागे येणार नाही’ एवढंच सांगा. कारणं द्यायला लागलात की प्रत्येक कारणावर त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

एखाद्या कंपनीची ऑफर आधीच स्वीकारली असेल आणि आता दुसरीकडे जायचं असेल, तर ते अर्ज मागे घेणं नव्हे, दिलेला शब्द मोडणं आहे. तिथे नुसता मेल चालणार नाही. आधी स्वतः फोन करा, ऐकून घ्यावं लागेल ते ऐकून घ्या, मग लेखी द्या.

माझ्याकडच्या यादीत प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा एक रकाना असतो. कळवणाऱ्यापुढे मी ‘दुसरीकडे रुजू, स्वतः कळवलं’ असं लिहिते, न कळवणाऱ्यापुढे ‘फोन उचलत नाही’. नवी नोकरी वैद्यकीय तपासणीत अडकली किंवा सहा महिन्यांत सुटली, तर पहिल्या शेऱ्याचा उमेदवार मला बेधडक फोन करू शकतो आणि मी त्याचं नाव कारखान्याला पुन्हा पाठवू शकते. दुसऱ्या शेऱ्याचं नाव पाठवताना कारखानाच मला विचारतो, हा या वेळी येईल कशावरून?