बारा तासांची पाळी आणि परिचारिकेचा बूट

परिचारिकेच्या पायांना बारा तासांच्या पाळीत जो त्रास होतो, त्याचे खापर सहसा चालण्यावर फोडले जाते. परंतु पायांना खरे जड जाते ते एका जागी उभे राहणे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, आणि त्या दाबाने पायांतील शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. खाटेपाशी उभे राहून सलाईन लावताना, औषधे मोजताना किंवा नोंदी लिहिताना मात्र हे ढकलणे जवळजवळ थांबते, रक्तातील पाण्याचा अंश घोट्याखाली साचू लागतो आणि पाऊल सुजते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावत असल्यामुळे, पारा 45 अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात ही सूज आणखी वाढते. सकाळी आठला बुटात शिरलेले पाऊल आणि रात्री आठला त्यातून बाहेर येणारे पाऊल यांचे माप एक नसते, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच बुटाच्या निवडीतील बहुतेक चुका होतात.

नागपुरातील एका खाजगी रुग्णालयातील परिचारिकेचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. सुटीच्या दिवशी सकाळी, खुर्चीवर बसून, तिने पांढऱ्या रंगाच्या बेली, म्हणजे वरून उघड्या, पातळ सपाट तळाच्या महिलांच्या बुटांचा जोड घेतला. तिच्या पावलाची लांबी त्या वेळी 240 मिलिमीटर होती आणि बुटाच्या आतील पाटीची, म्हणजे ज्यावर तळवा टेकतो त्या थराची, लांबी 246. दुकानात बूट नेमका बसला, यात नवल नाही. पाळीच्या अखेरीस उभे राहून मोजले असता तेच पाऊल 244 मिलिमीटर भरले, म्हणजे पुढे केवळ 2 मिलिमीटर जागा उरली, आणि चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी पावलाभोवती धरलेले माप, 228 वरून 236 वर गेला. काही आठवड्यांत अंगठ्याचे नख काळे पडले आणि करंगळीवर कुरूप आले.

यानंतर तिने जो उपाय केला तो सर्वांनाच सुचतो आणि बहुधा फसतो: तिने त्याच प्रकारचा एक क्रमांक मोठा बूट घेतला. भारतात रूढ असलेल्या ब्रिटिश क्रमांकपद्धतीत एका क्रमांकाने लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, घेर मात्र साधारणपणे सहाच मिलिमीटरने. तिला घेरात आठ मिलिमीटर हवे होते आणि मिळाले लांबीत. करंगळी पूर्वीसारखीच दाबली जात राहिली, टाच मात्र मोकळी झाली, आणि मोकळी टाच प्रत्येक पावलागणिक वर-खाली घासल्यामुळे मागे फोड आले. याहून कमी दिसणारी हानी अशी की बूट जिथे वाकतो ती रेषा पुढे सरकली. पाऊल चवड्यापाशी वाकते आणि बुटानेही तिथेच वाकायला हवे. दोन रेषा जुळल्या नाहीत तर तळव्याखालील जाड पट्टा, जो टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो आणि पावलाची कमान तोलून धरतो, तो वारंवार ताणला जातो. या पट्ट्याच्या विकाराची खूण ठरलेली आहे: सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या काही पावलांना टाचेत तीव्र कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. तिची टाच याच क्रमाने दुखू लागली.

या प्रकरणाचा निष्कर्ष असा की क्रमांक विचारण्याआधी रुंदी विचारावी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभर केलेल्या पाहणीत भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलापेक्षा सामान्यतः रुंद आढळले, आणि त्यावरून ‘भा’ ही स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. दुकानातील महिलांचे बूट मात्र अजून बहुधा एकाच, अरुंद रुंदीत मिळतात. म्हणून पाळी संपल्यावर, नेहमीचे पायमोजे घालून, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती काढावी आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. सीताबर्डीच्या दुकानात शिरल्यावर बुटातील पाटी बाहेर काढून तिच्यावर उभे राहावे: करंगळीची बाजू पाटीबाहेर सांडत असेल तर तो बूट कितीही मऊ असला तरी बाजूला ठेवावा, आणि सर्वांत लांब बोटापुढे सुमारे 10 मिलिमीटर जागा उरायला हवी. महिलांच्या विभागात रुंद जोड मिळत नसेल तर पुरुषांचा त्याच लांबीचा बूट घालून पाहावा, कारण तो सहसा अधिक रुंद असतो. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे या प्रसंगी लक्ष देण्याचे कारण नाही. वर उल्लेखिलेल्या परिचारिकेने शेवटी असाच 254 मिलिमीटर पाटीचा, नाडीचा बूट घेतला. नाडीचा लाभ हा की सूज चढेल तशी ती मध्यावर सैल करता येते, जे बेलीत शक्य नसते.

बुटाच्या तळाविषयी दुकानातील परीक्षा फसवी असते, कारण अंगठ्याने दाबून मऊ लागणारा फेसासारखा तळ बारा तास वजन सोसल्यावर चेपून बसतो. टाच व चवडा हातांत धरून बूट वाकवल्यास तो फक्त चवड्यापाशी वाकावा, मध्येच घडी पडू नये, आणि पिळल्यास त्याने विरोध करावा. तळाची जमिनीला टेकणारी बाजू रबराची असावी. रुग्णालयातील गुळगुळीत फरशीवर साबणाचे पाणी, फिनाईल किंवा सांडलेले सलाईन असते आणि तिथे डोंगर चढण्याच्या बुटांचे खोल खाचांचे तळ उपयोगी पडत नाहीत. पाणी बाहेर ढकलणाऱ्या, परस्परांना जोडलेल्या बारीक खाचा लागतात. कामाच्या बुटांसाठी आयएसओ 20347 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात घसरणरोधाची चाचणी आहे; तो उल्लेख असलेला जोड मिळाला तर उत्तम, मात्र ‘अँटी-स्किड’ एवढ्याच छापील शब्दांवर विसंबू नये.

वरचा भाग बंद व पुसता येण्याजोगा असावा. जाळीदार कापडाचे धावण्याचे बूट हवेशीर असतात खरे, पण रक्त किंवा औषध सांडले तर ते थेट मोज्यापर्यंत पोहोचते, आणि खाली पडलेली सुई जाळीला जुमानत नाही. त्यामुळे अतिदक्षता विभागात किंवा शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या परिचारिकेने गरम होण्याची गैरसोय पत्करून कृत्रिम चामड्याचा बंद बूट घ्यावा, आणि घामाचा बंदोबस्त दोन जोड आलटून-पालटून वापरून करावा. एक जोड पुरता वाळेपर्यंत दुसरा घातला की बोटांच्या बेचक्यांतील बुरशीचा त्रास कमी होतो आणि चेपलेल्या तळालाही पूर्ववत होण्यास वेळ मिळतो. विदर्भाच्या उन्हात बूट वाळत घालणे मात्र टाळावे. त्या उष्णतेने फेसाचा तळ आक्रसतो आणि चिकटवलेला जोड सुटू लागतो. पाटी काढून सावलीत, पंख्याखाली ठेवणे पुरे.

बूट केव्हा टाकावा हे वरच्या भागाच्या चकाकीवरून कळत नाही. तो टेबलावर ठेवून मागून पाहावा: टाचेचा भाग एका बाजूला कललेला दिसला, किंवा तळाच्या खाचा टाचेपाशी झिजून सपाट झालेल्या आढळल्या, तर त्या जोडाचे काम संपले. नवा, योग्य मापाचा बूट वापरूनही सकाळची टाचदुखी काही आठवडे टिकली तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि मधुमेह असलेल्या परिचारिकेने साधा फोड आला तरी तेवढीही वाट पाहू नये.