नामा म्हणे, पण कोणता नामा?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा असलेला एक अभंग गातात. त्यात संतांच्या नावांची माळ आहे आणि तिच्यात कबीरही येतो. नामदेव तर कबीराच्या कितीतरी आधीचे. मग हा अभंग नामदेवांचा मानायचा की नाही?
— एक वाचक, बार्शी

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानतात, तर कबीर पंधराव्या शतकातला. म्हणजे कबीराचं नाव असलेलं ते कडवं तरी नामदेवांचं नव्हे. पण म्हणून अख्खा अभंग लगेच बाद करू नका. संतनामावळी ही भर घालायला सगळ्यात सोपी जागा. कीर्तनात रंगलेल्या गायकानं एक नाव वाढवलं तर कोण अडवणार? म्हणून आधी ते कडवं झाकून उरलेला अभंग वाचावा. विचार अखंड चालत असेल तर भर फक्त त्या कडव्यापुरती. धागाच तुटत असेल, तर संपूर्ण रचना नंतरची.

आता हा ‘नंतरचा’ कोण? सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. महाभारताची पर्वं त्यानं ओवीबद्ध केली, शुकाख्यान लिहिलं. ‘नामा’ म्हणवणारे आणखीही होते. एकेकाळी अभ्यासकांना वाटलं, की ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा असलेले अभंग बाजूला काढले की काम झालं. ते इतकं सोपं नाही. विठ्ठलाचा भक्त स्वतःला विष्णूचा दास म्हणवणारच, मग पहिल्या नामदेवांनी ती मुद्रा वापरलीच नसेल असं कसं म्हणावं? उलट दुसऱ्यानं नुसतं ‘नामा म्हणे’ लिहिलं असेल, तर ओळखायचं कशावरून?

शिवाय मुद्रा बदलतेही. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं असतात. ‘नामा म्हणे’ चार अक्षरांचं, ‘तुका म्हणे’ही चारच. एक काढून दुसरं ठेवलं तरी चाल मोडत नाही. ‘एका जनार्दनीं’ मात्र सहा अक्षरांचं, ते बसवायला आणखी दोन अक्षरं खर्ची घालावी लागतात. त्यामुळे एकच अभंग दोघांच्या गाथांत सापडला, तर मुद्रेपेक्षा तो कोणत्या जुन्या वहीत कोणाच्या नावावर आहे याला जास्त वजन.

भाषेची कसोटीही लावतात. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणून नामदेवांची मराठी तिच्या जवळची असायला हवी, हा हिशेब. गाथेतली भाषा बरीच सोपी असल्यामुळे डॉ. रा. गो. भांडारकरांनी नामदेवांना ज्ञानदेवांच्या शंभरेक वर्षं पुढे नेऊन ठेवलं होतं. मला तो निष्कर्ष पटत नाही. पोथीतला ग्रंथ लेखक नकलतो, अभंग मात्र तोंडातोंडी फिरतो आणि प्रत्येक पिढी त्याला आपल्या बोलीत आणते. कधी मात्र छंद चुगली करतो. एखाद्या चरणात ‘झाला’ आहे आणि अक्षरं पाचच भरतात. तिथं ‘जाहला’ वाचलं की सहा होतात, म्हणजे मूळ शब्द तोच असणार. पण नंतरचे कवीही ‘जाहला’ लिहीत. त्यामुळे पाठ दुरुस्त झाला तरी कवी ठरत नाही.

भरवशाचा पुरावा महाराष्ट्राबाहेर आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. राजस्थानात दादूपंथी साधूंनी आपल्या संग्रहांत त्यांची पदं वेगळी उतरवून ठेवली. या हस्तलिखितांची तुलना करून कॅलेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये हिंदी पदावली संपादली. त्यामागचं सूत्र असं : एकमेकांकडून न घेतलेल्या दोन परंपरांत एकच पद आढळलं, तर ते त्या फुटण्याआधीचं. पण याही वाटेनं आपण फार तर सोळाव्या शतकापर्यंत, नाहीतर त्याच्या थोडं मागं पोचतो. तिथून १३५० पर्यंतचं अंतर रिकामंच राहतं. पद जुनं आहे एवढं कळतं. ते नामदेवांनीच रचलं, हे कळत नाही.

त्यामुळे या कामात ‘नाही’ म्हणणं सोपं आणि ‘आहे’ म्हणणं अवघड. काही अभंग निश्चित वगळता येतात, काहींना बळकट आधार असतो, आणि मधला मोठा ढीग तसाच राहतो. वारकऱ्यांचं त्यावाचून अडत नाही. तुकोबांना तर स्वप्नात खुद्द नामदेवांनी आपले शतकोटी अभंग पुरे करायला सांगितलं, असं परंपरा मानते. एकाचं अपुरं दुसऱ्यानं पुरं करायचं, हे जिथं मान्य, तिथं दुसऱ्याच्या मुद्रेनं रचणं ही लबाडी ठरत नाही.

तुमच्या अभंगापुरतं सांगायचं तर मंडळातल्या जुन्या हस्तलिखित वह्या काढा आणि कबीराचं कडवं प्रत्येकीत आहे का ते बघा. एखाद्या वहीत ते नसेल आणि पुढचं-मागचं कडवं नीट जुळत असेल, तर ते मागाहून आलं असं समजा. सगळ्यांत असेल, तर अभंग पंधराव्या शतकानंतरच्या कुणा नाम्याचा धरा.