खुले काव्यवाचन : क्रम, वेळ आणि विराम

निमंत्रितांचे कविसंमेलन आणि खुले काव्यवाचन या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. निमंत्रितांच्या संमेलनात कवी किती आणि कोण, हे चालकांना आधीच ठाऊक असते. खुल्या वाचनात मात्र ज्याला आपली कविता वाचावीशी वाटेल तो आयत्या वेळी नाव देऊ शकतो. म्हणून तेथे क्रम कसा लावावा, प्रत्येकाला किती वेळ द्यावा आणि लांबलेल्या वाचकाला न दुखविता कसे थांबवावे, हे तीन प्रश्न उभे राहतात. ते आधी सोडविले नाहीत, तर त्याचा भुर्दंड शेवटच्या चारपाच वाचकांना पडतो. आणि शेवटी उरणारे हे वाचक बहुधा लाजरे व नवखे असतात.

प्रथम नोंदणीचा विचार करू. कार्यक्रमापूर्वी अर्धा तास दाराशी एक कागद ठेवावा व त्यावर जितके वाचक सामावतील तितक्याच ओळी क्रमांक घालून आखाव्यात. प्रत्येकाने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे. अजून न आलेल्या मित्रासाठी ओळ राखू नये. परंतु कागदावरील क्रम हाच वाचनाचा क्रम ठेवला, तर दोन अडचणी येतात. पहिली ओळ रिकामी राहते, कारण आरंभ करण्याचे धैर्य कोणास होत नाही. आणि लवकर वाचून झालेले वाचक हळूच उठून घरी जातात, त्यामुळे शेवटच्याला श्रोतेच उरत नाहीत. यावर साधा उपाय म्हणजे चिठ्ठ्या काढणे. पूर्वार्धासाठी निम्म्या चिठ्ठ्या आरंभी काढाव्यात व उरलेल्या विश्रांतीनंतर. पहिले वाचन सूत्रसंचालकाने आधी सांगून ठेवलेल्या एखाद्या सरावलेल्या वाचकाकडे द्यावे. नाव पुकारताना एक नव्हे, तर तीन नावे सांगावीत : आता कोण, त्यानंतर कोण आणि तिसरा कोण. त्यामुळे पुढच्या वाचकाला कागद जुळवून पुढे येऊन बसण्यास अवधी मिळतो.

आता वेळेचे गणित पाहू. कार्यक्रम सायंकाळी 6 ते 8, म्हणजे 120 मिनिटांचा आहे असे धरू. प्रास्ताविकाला 5, विश्रांतीला 10 आणि समारोपाला 5 मिनिटे वजा केली, की 100 मिनिटे उरतात. वाचक 20 असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 5 मिनिटे येतात. येथेच बहुतेक चालक फसतात आणि ‘प्रत्येकी पाच मिनिटे’ असे जाहीर करून टाकतात. नाव पुकारणे, वाचकाने व्यासपीठावर येणे, ध्वनिक्षेपक आपल्या उंचीला लावून घेणे आणि शेवटच्या टाळ्या यांत सुमारे एक मिनिट जाते. म्हणून वाचनासाठी 4 मिनिटेच जाहीर करावीत. हे मिनिट विसरले, तर वीस वाचकांमागे 20 मिनिटे वाढतात, म्हणजेच चार वाचकांची पाळी बुडते.

कवितेची प्रस्तावनाही या चार मिनिटांतच धरावी आणि हे नोंदणीच्या कागदावरच ठळक लिहावे. वाचन लांबते ते सहसा कवितेमुळे नव्हे. ती कोणत्या प्रसंगी सुचली या निवेदनामुळे आणि ‘आणखी एक छोटीशी’ या मोहामुळे. वाचकाने घरी घड्याळ समोर ठेवून मोठ्याने वाचून पाहावे. मनात वाचलेली कविता नेहमीच आखूड भासते.

नावे वीसऐवजी पंचवीस आली तर? तेव्हा वाचनाचा वेळ 3 मिनिटांवर आणावा किंवा शेवटची पाच नावे प्रतीक्षायादीत ठेवावीत. हा निर्णय मात्र आरंभापूर्वी व्हावा. पहिल्या दहांना चार मिनिटे आणि पुढच्यांना दोन, हा उघड अन्याय होय.

संचालकाने आपल्या यादीत पाचव्या नावापुढे 6-30, दहाव्यापुढे 6-55 आणि पंधराव्यापुढे 7-30 असे लिहून ठेवावे. पाचवे वाचन 6-35 ला संपले, तर पाच मिनिटे उशीर झाला हे तात्काळ कळते. ही पाच मिनिटे विश्रांतीतून कापावीत, पुढच्या वाचकांच्या वेळेतून नव्हे.

सर्वांत नाजूक काम थांबविण्याचे. वक्तृत्वस्पर्धेतील घंटा आपल्या परिचयाची आहे. परंतु ती कवितेच्या मध्ये वाजली, की लय मोडते आणि सर्व सभेचे लक्ष वाचकाच्या चुकीकडे वळते. अमेरिकेतील शिकागो शहरी मार्क स्मिथ यांनी 1986 साली ‘ग्रीन मिल’ या ठिकाणी काव्यस्पर्धेचा ‘स्लॅम’ हा प्रकार सुरू केला. अशा स्पर्धांत रूढ झालेल्या नियमानुसार वाचनाला 3 मिनिटे व वर 10 सेकंदांची सवलत असते. त्यापुढील प्रत्येक 10 सेकंदांना अर्धा गुण कापला जातो. तेथे गुण असल्यामुळे हा धाक चालतो. खुल्या वाचनात गुणच नाहीत. तेव्हा सूचना सौम्य आणि केवळ वाचकालाच दिसेल अशी हवी.

यासाठी वाचकाच्या समोर, श्रोत्यांकडे पाठ असलेला एक लहान दिवा ठेवावा. 3 मिनिटे होताच तो लावावा. त्याचा अर्थ : ‘चालू कविता पूर्ण करा, नवी सुरू करू नका.’ दोन कवितांमधील विराम हीच थांबण्याची स्वाभाविक जागा असते, म्हणून सूचना त्या विरामापूर्वी पोचली पाहिजे. चार मिनिटे झाली, की संचालकाने आपल्या जागी उभे राहावे. तरीही वाचन चालू राहिले, तर त्याने सावकाश व्यासपीठाच्या कडेशी यावे, कडवे संपण्याची वाट पाहावी आणि वाचक श्वास घेताच टाळी द्यावी. श्रोते आपोआप साथ देतात. मग ऐकलेल्या कवितेतील एखाद्या नेमक्या प्रतिमेचा उल्लेख करून आभार मानावेत. ओळीच्या मध्ये तोडणे, ध्वनिक्षेपक बंद करणे किंवा सभेला हसविणे हे वर्ज्य समजावे.

काही वाचक कागदावरून दृष्टी उचलतच नाहीत. त्यांना दिवा दिसत नाही. अशांच्या कागदाशेजारी एक चिठ्ठी अलगद सरकवावी. ज्याची वाणी अडखळते त्याला नोंदणीच्या वेळीच विचारून अधिक मिनिटे द्यावीत व तितकी यादीत धरावीत. वडीलधाऱ्या पाहुण्यांना थांबविणे आपल्याकडे कठीण असते. येथे हैदराबाद व ग्वाल्हेरकडील वाचकांना परिचित असलेल्या मुशायऱ्याची रीत उपयोगी पडते. तेथे नवोदित आधी व ज्येष्ठ शेवटी वाचतात, आणि जुन्या प्रथेप्रमाणे ज्याची पाळी त्याच्यापुढे शमा ठेवली जात असे. पाहुण्यांना विसाव्या वाचकानंतर, समारोपाच्या पाच मिनिटांत स्थान द्यावे. ते थोडे लांबले, तरी कोणाची पाळी जात नाही.

विसाव्या वाचकाला साडेसातच्या पुढे, पण आठच्या आत, आपली पूर्ण चार मिनिटे आणि भरलेली सभा मिळाली की नाही, एवढे पाहिले, म्हणजे त्या सायंकाळचा क्रम, वेळ आणि विराम यांची परीक्षा झाली.