पेंढ्याच्या गाडीमागे

अलिबागहून आक्षी, नागाव आणि चौल या गावांच्या अंगाखांद्यावरून रेवदंड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेस भाताची खाचरे आणि पश्चिमेस समुद्रापर्यंत पसरलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या अशी येथील जमिनीची पूर्वापार वाटणी असल्यामुळे, पिकते एका बाजूस आणि माणसे व गुरे राहतात दुसऱ्या बाजूस. परिणामी दिवाळीच्या सुमारास झोडणी उरकली की खळ्यावरचा पेंढा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा बैलगाडीतून हा रस्ता ओलांडूनच गोठ्यापर्यंत पोहोचतो. नेमक्या याच दिवसांत मुंबई-पुण्याकडील पाहुण्यांच्या मोटारींची रीघ शनिवार-रविवारी काशीद-मुरुडच्या ओढीने त्याच रस्त्यावर उतरते, आणि दोघांची गाठ पडते ती बहुधा दिवेलागणीला.

याचे कारण पंचांगात आहे. जूनमध्ये आमच्याकडे सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, तर नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या आसपास होतो. शेतकरी मात्र दिवसभर कापणी-झोडणी करून शेवटची खेप ऊन उतरल्यावरच भरतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाशही अल्पायुषी, जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच उजेड अपुरा असेल तेव्हा केव्हाही, दिवे लावलेले असावेत असे म्हटले आहे. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो अर्धा तास, आणि उजेडाची अट बहुतेकांच्या विस्मृतीत गेली. त्या अर्ध्या तासात वाड्यांच्या सावलीतील रस्ता पुरता काळवंडलेला असतो, आकाश मात्र अजून उजळ असते, आणि वर पाहून दिव्यांचा निर्णय करणारा चालक खालच्या अंधाराविषयी गाफील राहतो.

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला गावात पंच म्हणून बोलावण्याची रीतच आहे, आणि चौलच्या हद्दीतील अशाच एका सांजवेळच्या अपघाताच्या पंचनाम्यावर माझी सही आहे. पेंढ्याने काठोकाठ भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर रेवदंड्याच्या दिशेने चालला होता व त्यास उजवीकडे, दोन गडग्यांमधल्या वाडीच्या अरुंद वाटेत वळायचे होते. मागून आलेल्या मोटारीने त्यास उजव्या बाजूने मागे टाकण्याचा यत्न केला, आणि मोटारीचे तोंड ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर आदळले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ट्रॅक्टरवाल्याचा हात मोडला, मोटारीचा पुढचा भाग चेपला. मोटारचालकाने जबानीत सांगितले की ट्रॅक्टर डावीकडे सरकला, म्हणून त्याने वाट दिली असे मला वाटले. ट्रॅक्टरवाला म्हणाला की मागे कोणी आहे याची मला वार्ताच नव्हती. रस्त्यावरील चाकांच्या खुणा पाहता दोघेही खरे बोलत होते.

ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर अरुंद वाटेत उजवीकडे वळवायचा झाल्यास तो आधी डाव्या कडेला न्यावाच लागतो, कारण ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या मार्गाच्या आतून कापत जातात आणि सरळ वळवले तर ट्रॉली कोपऱ्यावरील गडग्यात अडकते. ही डावीकडची सरक मागच्यास सौजन्य वाटते, आणि तीच वस्तुतः उजव्या वळणाची पूर्वसूचना असते. उजवा हात आडवा धरून वळण्याची आणि तोच हात मागून पुढे हलवून मागच्यास जाऊ देण्याची खूण करण्याची रीत नियमांनी घालून दिलेली आहे खरी. परंतु पेंढ्याच्या डोंगरामागून चालकाचे डोकेसुद्धा दिसत नाही तेथे हात कोठून दिसणार? ट्रॅक्टरचे मागचे दिवे ट्रॉलीआड लपलेले, ट्रॉलीला स्वतःचे दिवे बहुधा नाहीतच, आरसा असला तर त्यात पेंढाच दिसतो, आणि इंजिनाच्या धडधडाटात भोंगा ऐकू जात नाही. म्हणून ट्रॅक्टर मंदावून डावीकडे झाला की मागच्याने आधी उजवीकडे नजर टाकावी: फाटक, गडग्यातील खिंडार, पायवाट किंवा वाट दाखवीत उभा असलेला कोणी माणूस दिसला, तर थांबून राहावे. तसे काहीच नसेल आणि ट्रॅक्टर काही अंतर कडेनेच सरळ चालत राहिला, तरच त्याने वाट दिली असे समजावे.

वाट मिळाली तरी रस्ता पुरतो का, याचा हिशेब निराळा. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि आपण ४० ने त्यास मागे टाकणार आहोत असे धरा. मागचे दहा मीटर, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे आठ-नऊ मीटर, आपल्या मोटारीचे चार आणि पुढे सुरक्षित शिरण्यास आणखी दहा, एवढे अंतर आपल्याला त्याच्यापेक्षा अधिक कापावयाचे, आणि त्यास सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण स्वतः सत्तरेक मीटर पुढे जातो व समोरून ५० च्या वेगाने येणारी गाडी ऐंशीहून अधिक मीटर जवळ येते. म्हणजे किमान दीडशे मीटर मोकळा रस्ता डोळ्यांना दिसला पाहिजे. गडग्यांमधून नागमोडी गेलेल्या आमच्या रस्त्यावर असे सरळ तुकडे थोडे आहेत. आतले गावरस्ते तर पुष्कळ ठिकाणी पावणेचार मीटर रुंदीचे. तेथे साइडपट्टीवर चाक उतरविल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि पावसाळ्यानंतर ती पट्टी वरून टणक दिसली तरी आतून भुसभुशीत असते.

बैलगाडीची गोष्ट याहून अवघड, कारण ती माणसाच्या चालीने चालते आणि मागून पाहणाऱ्यास ती चालते आहे की उभी आहे हेच कळत नाही. खाली झुकवलेल्या दिव्यांत बिनदिव्याची काळपट गाडी सुमारे चाळीस मीटरांवर दिसू लागते. ताशी ६० च्या वेगात, दचकून ब्रेक दाबेपर्यंतचा दीड सेकंद धरता, मोटार थांबावयास कोरड्या रस्त्यावर पंचेचाळीस मीटर लागतात. ४० च्या वेगात पंचवीस-सव्वीस. सांजवेळी गावच्या रस्त्यावर ४० ही मर्यादा मी या वजाबाकीवरून सांगतो. बैलांच्या बगलेशी येऊन भोंगा मात्र वाजवू नये. बुजलेली जोडी कोणत्या अंगास ओढील हे गाडीवानासही सांगता येत नाही.

पूर्वी गाडीच्या आखाला कंदील टांगलेला असे; तो गेला आणि त्याची जागा घेणारे पुरते काही आले नाही. ऊसपट्ट्यात गळीत हंगामाच्या तोंडी गाड्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा निघतात. आमच्या किनाऱ्यावर साखर कारखाना नाही, त्यामुळे हे काम ज्याचे त्यानेच करावयाचे. लाल चकाकती पट्टी ट्रॉलीच्या फाळक्यावर लावून भागत नाही, कारण पेंढा फाळक्याबाहेर लोंबतो व तिला झाकून टाकतो; ती फडक्यावर शिवून, भार आवळल्यानंतर पेंढ्याच्या अगदी मागच्या टोकास, दोन्ही कडांना बांधावी, म्हणजे गाडीची रुंदीही कळते. पट्टीला स्वतःचा उजेड नसतो आणि चिखलाने माखली की ती निकामी होते. तेव्हा शेवटची खेप निघण्यापूर्वी गाडीवानाने पन्नास पावले मागे जाऊन, विजेरी डोळ्यांच्या बाजूस धरून गाडीवर उजेड टाकावा. दोन्ही कडांचे तांबडे चमकले तर बैल हाकावेत, न चमकले तर खेप उद्या सकाळी न्यावी.